वाळ्याचा वास आणि पाच कागदी पट्ट्या

साडेसहा हजार रुपयांचा परफ्यूम मी सध्या बाथरूममध्ये फवारते. ही ऐपत नाही, नाइलाज आहे. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या गर्दीत तो घेतला. काउंटरवरच्या मुलीने कागदाच्या पट्टीवर फस्सकन फवारा मारला आणि ती ओली पट्टी तशीच माझ्या हातात दिली. मी नाकाला लावली, तर कुणीतरी शेजारी बसून ईडलिंबू सोलतंय असा वास. तीन मिनिटांत कार्ड पुढे केलं. घरी पोचेपर्यंत ईडलिंबू गेलं होतं. दोन तासांनी मनगटाला जत्रेतल्या म्हातारीच्या केसांचा वास यायला लागला, तो गुलाबी साखरेचा कापूस असतो ना, तसा. रात्री झोपताना तर आणखी गोड. भाचीला दिला, तिने आठवड्याने परत आणून दिला.

माझी मावसबहीण नवी मुंबईत सुगंधद्रव्यांच्या एका कंपनीत आहे. साबण, अगरबत्ती, कपडे धुण्याची पावडर यांत घालायचे वास हुंगून त्यांची पारख करणं हेच तिचं काम. तिला हे सांगितलं तर ती हसली. म्हणाली, "अगं, तू पहिली पाच मिनिटं विकत घेतलीस. पुढचे सात तास दुकानात राहिलेच कुठे तुझ्यासमोर?"

यंदा मार्चमध्ये पुन्हा घ्यायचं ठरवलं तेव्हा म्हणून आधी तिला फोन केला. मला काय हवंय ते नक्की होतं. वाळा. आमच्या आईच्या माठात उन्हाळाभर वाळ्याची जुडी असायची. त्या पाण्याचा जो वास, थोडा मातीचा, थोडा सुक्या लाकडाचा, तो मला अंगावर हवा होता. परफ्यूमच्या दुनियेत त्याला वेटिव्हर म्हणतात, शब्द मूळचा तमिळ, आणि मुळी तीच. परफ्यूमवाले आज तिचं तेल मुख्यतः हैतीहून आणतात, एवढाच फरक.

ताई म्हणाली, "वाळा शोधतेयस ना, मग तर घाई अजिबात करू नकोस. लिंबू, संत्रं, बर्गामॉट ही हलकी मंडळी. पटकन उडतात, म्हणून आधी नाकात येतात. वाळ्याचं तेल जड, घट्ट. ते सगळ्यांच्या शेवटी हळूहळू वर येतं. दुकानदार तुला पट्टी देईल तेव्हा वाळा अजून तळाशी झोपलेला असेल."

मग तिने फोनवरच तयारी सांगितली. सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी जायचं नाही, कारण दुकानाच्या हवेतच तेव्हा पन्नास वास तरंगत असतात. कामाच्या दिवशी दुकान उघडल्या उघडल्या जायचं. त्या दिवशी स्वतः काही फवारायचं नाही, केसांत गजरा नाही, हाताला लोशन नाही, आणि अंघोळीला शक्यतो बिनवासाचा साबण. कपडे धुताना शेवटी सुवासिक द्रव घालतेस का, तेही विचारलं तिने. मी घालते. मग दोनदा साध्या पाण्यातून काढलेला एक सुती कुडता वेगळा ठेवला, बाह्या कोपराच्या वरपर्यंतच असलेला. सर्दी असेल तर बेतच रद्द कर, म्हणाली. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कागदावर पाचाच्या वर नाही आणि अंगावर दोनाच्या वर नाही.

रजा टाकून मंगळवारी सव्वाअकराला मॉलमधल्या परफ्यूमच्या दुकानात शिरले. गिऱ्हाईक मी एकटीच. वाळा म्हटल्यावर तिथली मुलगी मला पुरुषांच्या कपाटाकडे न्यायला जरा बिचकली. "मॅडम, लेडीज त्या बाजूला." म्हटलं, वास त्या बाजूला असेल तर मी त्या बाजूला. परफ्यूमच्या जगात वाळा बहुतेक पुरुषांच्या बाटल्यांतच कोंबलेला असतो. माठाला हे कुणी सांगितलेलं नाही.

पाच निवडले. पहिलं कोलोनसारखं हलकं. दुसरं हिरव्या बाटलीतलं, त्यावर वेटिव्हर असं ठळक लिहिलेलं. तिसरं एर्मेसचं 'तेर', म्हणजे माती. हे २००६ मध्ये आलेलं, ज्यां-क्लोद एलेना यांनी केलेलं, आणि वाळ्याचं नाव निघालं की त्याचंही निघतंच. चौथं निळ्या बाटलीतलं, तरुण पोरं मारतात तसलं. पाचवं ऊद आणि वाळा एकत्र. क्रम मुद्दाम हलक्याकडून जडाकडे. ऊद आधी हुंगला तर पुढचं कोलोन पाण्यासारखं लागतं.

पट्ट्या मी आधी मागून घेतल्या आणि कोऱ्या असतानाच प्रत्येकीच्या टोकाशी आकडा लिहिला. पेन साधं बॉलपेन. मार्कर नको, त्याचा स्वतःचा वास असतो. मुलगी बाटलीचं झाकण पुढे करून "याच्यात बघा ना" म्हणाली, तर नको म्हटलं. झाकणात आणि फवाऱ्याच्या तोंडाशी आधीच्या कितीतरी फवाऱ्यांचा सुकलेला थर असतो. तिथे जे येतं ते शिळं. त्यातून टेस्टरची बाटली महिनोन्महिने दुकानाच्या दिव्यांखाली उभी असते. तळाशी दोन बोटं द्रव उरलेला असेल, तर वरचा लिंबूवर्गीय भाग त्यात बिघडलेला असू शकतो. तेलकट, रंगाच्या दुकानासारखा वास आला तर दुसरी बाटली मागावी. पहिल्या नंबरचं तसंच निघालं. तिने कुरकुर न करता खालच्या खणातून नवा टेस्टर काढला.

पट्टी वीतभर लांब धरायची आणि एकच फवारा, तोही पट्टीच्या टोकाला. मग थांबायचं. पट्टीवरची ओली चकाकी जाईपर्यंत, साधारण अर्धा मिनिट. माझी पहिली चूक इथेच व्हायची. ओल्या पट्टीवर नाकात आधी जातं ते अल्कोहोल. ते चुरचुरतं, आणि त्या चुरचुरीलाच आपण 'फ्रेश' म्हणून बसतो. चकाकी गेली की पट्टी नाकाखाली दोन बोटांवर आणायची, टेकवायची नाही. नाकाला लागली तर तो वास नाकावरच बसतो आणि पुढच्या चारही पट्ट्यांत मिसळतो. दोनतीन छोटे छोटे हुंगे घ्यायचे आणि हात खाली. मी आधी छाती भरून श्वास घेत होते, प्राणायामासारखा. ताईच्या मते नाकाला कळायचं ते पहिल्याच हुंग्यात कळतं, नंतरचे मोठे श्वास फक्त दमवतात.

पहिल्या नंबरला संत्र्याचं फूल, साबण, छान. वाळा नावाला. दुसऱ्याला कापलेल्या गवताचा वास आणि मागे ओली मुळी. अंगावर काटा आला. हेच, असं मनात म्हटलंसुद्धा. तिसऱ्याला, म्हणजे ज्याचं एवढं नाव ऐकलं होतं त्याला, संत्र्याची साल आणि त्यावर मिरपूड. वाळा कुठेच नाही. फोनमध्ये लिहून ठेवलं, "३ – संत्रं, तिखट, नको."

मग चौथं. आणि चौथं चक्क फिकं लागलं. निळ्या बाटलीतलं, लिफ्टमध्ये एकाने मारलं तर पाच मजले पुरतं तसलं, आणि मला काहीतरी धुरकट, लांबचं येतंय. इथे ताईची युक्ती आठवली. वास फिका वाटला की परफ्यूमला दोष द्यायच्या आधी पहिल्या पट्टीकडे परत जायचं. ती अजून पहिल्यासारखी लागली, तर परफ्यूम खरंच फिका. तीही विझलेली लागली, तर विझलंय ते नाक. पहिली उचलली. संत्र्याचं फूल नाही, साबण नाही, कागद फक्त.

नाक दमतं म्हणतात, पण ते पाय दमतात तसं नाही. आतल्या पेशींवर तेच तेच रेणू सतत येत राहिले की त्या पेशी काही वेळातच प्रतिसाद कमी करतात. मेंदूही तो वास 'झालं, कळलं' म्हणून बाजूला टाकतो. स्वयंपाकघरात असताना फोडणीचा वास आपल्याला जाणवेनासा होतो आणि बाहेरून आलेला माणूस दारातच शिंकतो, तेच हे. माझ्या बाबतीत आणखी एक भानगड होती. एका वासाने नाक बधिर झालं की त्याच जातीच्या दुसऱ्या वासालाही ते थोडं बधिर होतं. मी तर पाचही वाळेच घेऊन बसले होते. पाच वेगवेगळे प्रकार असते तर कदाचित चौथ्यापर्यंत निभावलं असतं.

मुलीला माझं थबकणं दिसलं. तिने लगेच काचेची बरणी पुढे सरकवली. आत कॉफीच्या बिया. "मॅडम, हे स्मेल करा, नाक रिफ्रेश होतं."

ही बरणी प्रत्येक दुकानात असते आणि सगळे तिच्यात श्रद्धेने नाक घालतात. अमेरिकेतल्या बेलॉइट कॉलेजच्या संशोधकांनी २०११ मध्ये ही गोष्ट तपासली होती. लोकांना अनेक वास हुंगायला दिले, मग कुणाला कॉफीच्या बिया, कुणाला लिंबाच्या फोडी, कुणाला नुसती हवा. कॉफी हवेपेक्षा सरस ठरली नाही. विचार केला तर बरोबरच आहे. दमलेल्या नाकाला आणखी एक दणदणीत वास देऊन काय मिळणार? शिवाय ती बरणी किती दिवस उघडी आहे कोण जाणे. मी हुंगली तर कॉफीपेक्षा तिच्यात परफ्यूमच जास्त मुरलेले.

त्याऐवजी बाहेर पडले. ताईची दुसरी युक्ती म्हणजे स्वतःच्याच कोपराच्या आतल्या खळगीत नाक खुपसून दोनचार साधे श्वास घ्यायचे. आपल्या त्वचेचा वास नाकाला सवयीचा असतो, तो शून्यावर आणतो. पण ते दोन वासांमधल्या छोट्या विश्रांतीला पुरतं. पहिली पट्टी कागद वाटायला लागली असेल तर मोकळी हवाच हवी. मॉलच्या मागच्या दारी पार्किंगजवळ दहा मिनिटं उभी राहिले, पाणी प्यायले. पार्किंगचा वास काही सुगंध नव्हे, पण वेगळा होता. परत येऊन पहिली पट्टी उचलली तर संत्र्याचं फूल परतलं होतं. तेव्हाच चौथं पुन्हा आणि पाचवं पहिल्यांदा फवारून घेतलं, मध्ये दोन-दोन मिनिटं सोडून. चौथं त्याच्या लौकिकाला जागलं. पाचव्यातला ऊद दवाखान्यातल्या पट्टीसारखा लागला, तो लगेच बाद.

या सगळ्यात बारा वाजले. पट्ट्या मी काउंटरवर एकमेकींपासून लांब, टोकं थोडी वाकवून ठेवल्या होत्या, म्हणजे ओलं टोक काचेला टेकत नाही. पहिल्या तीन पट्ट्यांना आता चाळीसएक मिनिटं झाली होती. ताईने शिकवलेला यापुढचा भाग मला सर्वांत आवडला. पट्ट्या उलट्या करायच्या, आकडे खाली, आणि मुलीला म्हणायचं, जरा पिसून दे. तिला गंमत वाटली. पत्त्यांसारख्या पिसून तिने तीन पट्ट्या समोर ठेवल्या.

एकीत जवळजवळ काहीच उरलं नव्हतं, ते कोलोन असणार. दुसरीत गवत, गोडसर, बरं. तिसरीत मात्र माठ होता. ओली माती, सुकं लाकूड, आणि मागे कच्च्या शेंगदाण्याच्या टरफलासारखं काहीतरी, वाळ्याच्या मुळीत असतं तसं. हिरवी बाटलीच असणार म्हणून उलटून पाहिली, तर आकडा ३. ज्याच्यापुढे मी 'नको' लिहिलं होतं तेच. संत्रं आणि मिरी उडून गेली होती आणि खालचा वाळा वर आला होता. लेबलावर ठळक वेटिव्हर लिहिलेल्या बाटलीने वाळा पहिल्या दोन मिनिटांत दाखवून टाकला होता.

एवढ्यावर कुणी तिसरं घेऊन टाकेल. पण कागद म्हणजे त्वचा नव्हे. कागद थंड असतो, कोरडा असतो, त्याला तेल नसतं, घाम नसतो. त्याच्यावर वास सावकाश उलगडतो. अंगावर तेच सगळं लवकर होतं, आणि काही वेळा वेगळंही. कागदाचं काम नको असलेले बाद करणं, एवढंच.

अंगावर दोनच घ्यायचे होते. डाव्या कोपराच्या खळगीत तिसरं, उजव्या कोपराच्या खळगीत दुसरं, एकेक फवारा. मनगट का नाही? मनगटाला घड्याळाचा पट्टा, त्याचा चामड्याचा वास. हात धुताना मनगट भिजतं. आणि दोन मनगटं दिवसभरात शंभरदा एकमेकांजवळ येतात. कोपर शहाणे, लांब राहतात. फवारलं आणि सवयीने मी दुसऱ्या हाताने चोळायला गेले, तशी मुलगीच म्हणाली, "चोळू नका मॅडम." तिला कुणीतरी चांगलं शिकवलं होतं. चोळल्याने रेणू फुटतात वगैरे लोक सांगतात ते काही खरं नाही. पण त्वचा गरम होते, द्रव पसरतो, वरचा हलका भाग घाईने उडतो, आणि आपल्याला हवा असतो तो क्रम बिघडतो.

हे चोळणं आपल्याकडे लग्नात शिकलेलं. मांडवाच्या दारात अत्तर लावणारी काकू मनगटाच्या पाठीवर काडी ओढते आणि आपण ते दुसऱ्या हातावर घासून हुंगतो. अत्तरात अल्कोहोल नसतं, ते तेलात असतं, त्यामुळे तिथे फारसं बिघडत नाही. फवाऱ्याच्या बाटलीला तो नियम लावू नये.

"मॅडम, आज दहा टक्के आहे, उद्या असेल की नाही सांगता येत नाही." हे आलंच. म्हटलं, उद्या नसेल तर नसेल. पाचही पट्ट्या पाच वेगवेगळ्या कागदी पाकिटांत घातल्या, घरूनच आणली होती. एका पर्समध्ये सुट्या ठेवल्या की संध्याकाळपर्यंत पाचांचा एकच वास होतो.

आता काम होतं न हुंगण्याचं, आणि ते अवघड. हात सारखा नाकाकडे जातो. दर पाच मिनिटांनी हुंगलं की नाक पुन्हा बधिर होणार, म्हणून फोनला गजर लावले. दहा मिनिटांनी, चाळीस मिनिटांनी, दोन तासांनी, साडेचारला आणि झोपताना. मधल्या वेळात बँकेचं काम, भाजी, घर.

दहाव्या मिनिटाला डाव्या हातावर संत्रं, पण कागदावरच्यापेक्षा मऊ. उजव्यावर गवत. चाळिसाव्या मिनिटाला डावीकडे संत्र्याचा पत्ता नाही. कागदावर ज्याला चाळीस मिनिटं लागली, ते अंगावर पंचवीसतीस मिनिटांतच झालं असावं. उजवीकडे गवत विरलेलं आणि काहीतरी स्वच्छ, पांढरं.

दोन तासांनी गोंधळ झाला. डाव्या हाताला वास नव्हता. मनात आलं, एवढा महागडा आणि दोन तासांत खलास? मग भाजी निवडताना हात हलला आणि एकदम तो आला, सुकं लाकूड, उबदार. पुन्हा हुंगायला गेले तर नाही. संध्याकाळी ताईला सांगितलं तर तिला नवल वाटलं नाही. म्हणाली, त्यात आयसो ई सुपर नावाचं एक कृत्रिम लाकडी द्रव्य भरपूर आहे असं आमच्या धंद्यात सगळेच मानतात, आणि ते असंच खेळतं. धरायला गेलं की नाही, लक्ष नसताना येतं. म्हणजे हा लपंडाव परफ्यूमचा गुण होता, संपण्याची खूण नव्हती.

उजव्या हाताचं वेगळंच निघालं. तिथे मला दोन तासांनी काहीच येत नव्हतं, आणि ते हात हलवूनही येईना. आई शेजारी शेंगा सोलत बसली होती. तिच्यापुढे काही न सांगता आधी डावा हात धरला. "मुळी भिजत घातल्यासारखं," ती म्हणाली आणि पुन्हा शेंगांकडे वळली. मग उजवा. तिने मान मागे घेतली. "हा चादरीचा वास. लाँड्रीतून आलेल्या. केवढा येतोय!"

मला शून्य आणि आईला केवढा! हे माझं दमलेलं नाक की आणखी काही? शोधायची रीत सोपी आहे. रात्रभर झोपायचं आणि सकाळी, चहाच्याही आधी, ती पट्टी पाकिटातून काढून हुंगायची. झोपेनंतर नाक ताजं असतं. तेव्हा वास आला, तर आदल्या दिवशी नाक दमलं होतं. तेव्हाही नाहीच आला आणि बाकीच्यांना येत असेल, तर आपल्या नाकाला तो वास कळतच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला दुसऱ्या नंबरची पट्टी हुंगली. अगदी तळाशी किंचित गवत, बाकी कागद. आई म्हणाली, "चादर." नवऱ्यालाही उठवून विचारलं. तोही, डोळे न उघडता, "डिटर्जंट."

परफ्यूमच्या तळाशी जे मस्क घालतात, धुतलेल्या कपड्यांसारखे वास देणारे, त्यांचे रेणू मोठे असतात. आणि त्यांतला एखादा बऱ्याच लोकांना मुळीच कळत नाही. माणसाच्या नाकात वास ओळखणारे सुमारे चारशे प्रकारचे संवेदक असतात, आणि प्रत्येकाचा संच थोडा वेगळा असतो. रंगांधळेपणासारखंच, पण एका वासापुरतं. ताईच्या कंपनीत कुणाला कोणता मस्क कळत नाही याची नोंदच ठेवलेली असते, आणि त्या वासाच्या पारखीला त्या माणसाला बसवत नाहीत. दुकानात हे कळायचा मार्गच नव्हता. तिथे पहिल्या अर्ध्या तासात मला गवत येत होतं आणि मी खूश होते. हिरवी बाटली घेतली असती तर दुपारनंतर 'विरला बाई' म्हणून आणखी दोन फवारे मारले असते, आणि ऑफिसभर लाँड्री घेऊन हिंडले असते. अंगाला भपकारा येणाऱ्या पुष्कळ माणसांचा उलगडा मला त्या सकाळी झाला. त्यांना बिचाऱ्यांना तो येतच नसावा.

झोपताना डाव्या कोपरावर अगदी त्वचेला नाक लावल्यावर पुसट लाकूड उरलं होतं. दहा तास झाले होते. तिसऱ्या नंबरच्या पट्टीवर तर ते पुढे चार दिवस होतं. त्यावरून अंगावर किती टिकेल ते ठरवू नये, कागद तेल लवकर सोडत नाही. पट्टीचा उपयोग वेगळा होता. शेवटी उरणारा वास मला चार दिवस आवडतोय का, तेवढं तिने सांगितलं.

तरी घेतलं नाही. ताईचा शेवटचा आक्षेप होता तो पुण्याच्या उन्हाचा. मी तपासलं मार्चमध्ये, एसीच्या दुकानात आणि सावलीच्या घरात. मे महिन्यात दुपारी स्कूटरवर काय होईल? गरम अंगावर सगळंच लवकर उडतं, आणि जे उरतं ते जास्त फेकलं जातं. म्हणून मेमध्ये पुन्हा गेले, या वेळी एकच वास, एकाच हाताला, आणि दुकानात दोन मिनिटांच्या वर थांबले नाही. हुंगलंसुद्धा नाही. फवारा घेतला आणि उन्हात निघाले. पहिल्या सिग्नलला संत्रं होतं, घरी पोचेपर्यंत मिरीसकट गेलं होतं. वाळा वर आला तो जरा उग्र, धुराच्या अंगाने जाणारा. वाईट नाही, पण मार्चमधल्यापेक्षा दुप्पट. आईने या वेळी मान मागे नेली नाही, पण म्हणाली, "एवढा कशाला?" म्हणजे उन्हाळ्यात एकच फवारा, तोही कुडत्याच्या आत.

त्याच आठवड्यात जाऊन पन्नास मिलीची बाटली घेतली. काउंटरवर तीच मुलगी होती. दहा टक्के अजून होतेच. तिने बिल करताना विचारलं, "मॅडम, स्मेल करून बघायचं नाही?" म्हटलं, नको, पण कोऱ्या पट्ट्या चारपाच दे. ताईकडे रविवारी जायचं होतं, आणि तिला अजून माहीत नव्हतं की तिच्या त्या मस्कांपैकी कोणता माझ्या नाकाला चुकतो.